‘ठराव क्र. ४’ नेमका कोणता?

अमळनेर तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचं काम गटसचिव म्हणून माझ्याकडे आलं, तेव्हा तिथली प्रोसिडिंग बुकं व्यवस्थित होती, सह्या जागच्या जागी होत्या. तरी लेखापरीक्षकांच्या एका साध्या प्रश्नावर अख्खी समिती अडली. गोदामातल्या गाळ्याचं भाडं कोणत्या ठरावाने वाढवलं? बुकात लिहिलं होतं, ‘ठराव क्र. ४ प्रमाणे कार्यवाही करावी.’ पण ठरावांचे नंबर दर सभेत एकपासून सुरू व्हायचे, म्हणजे ठराव ४ दर महिन्याला होता. त्यातून गाळ्याचा विषय ऑगस्टात तहकूब, ऑक्टोबरात सहाव्या नंबरवर मंजूर, डिसेंबरात ऐनवेळच्या विषयांत पुन्हा चर्चेला आणि रक्कम निराळी. भाडेकरू जुनंच भाडं भरत राहिला. फरक मागायचा तर कोणता ठराव लागू, हेच सांगता येईना.

तेव्हापासून मी प्रत्येक ठरावाला पूर्ण नंबर देतो: व्य-२०२३-२४-०५-०४. व्य म्हणजे व्यवस्थापक समिती. वार्षिक सभेला वा. मग आर्थिक वर्ष, एक एप्रिलपासून मोजलेली सभा आणि विषयपत्रिकेतला विषय. विषयाचा आणि ठरावाचा आकडा एकच ठेवायचा. विषय तहकूब झाला तरी त्याचा आकडा दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि ऐनवेळचे विषय शेवटच्या आकड्यापुढे चालू ठेवायचे. ५ ऐवजी ०५ लिहा, नाहीतर संगणकावर १० नंबर २ च्या आधी येऊ शकतो. तिरकी रेघ टाळा. फाइलच्या नावात ती चालत नाही.

खरी मेख मागील सभांवरील कार्यवाहीच्या विषयात आहे. तिथे प्रलंबित गोष्टी त्यांच्या मूळ नंबरानेच मांडायच्या. नवा निर्णय झाला तर त्याला त्या सभेचा नवा नंबर, आणि वाक्याच्या सुरुवातीला ‘मूळ’. आमचा गाळा या रीतीने ऑक्टोबरात असा लिहिला गेला असता: ‘०७-०६, मूळ ०५-०४, भाडेवाढ मंजूर’, आणि डिसेंबरात ‘०९-०९, मूळ ०५-०४, ठराव ०७-०६ मधील रक्कम सुधारित.’ ‘मूळ’ म्हणजे विषय पहिल्यांदा आला ती जागा, लगतची मागची सभा नव्हे. पुष्कळ जण इथेच घसरतात. लगतचा नंबर दिला की साखळीतली एक कडी सुटली तरी मागचं सगळं तुटतं. मूळ दिला तर तो एक नंबर शोधून सगळे ठराव हाती येतात.

कायम होऊन सह्या झालेल्या इतिवृत्तात ‘पुढे पहा’ म्हणून काही घुसडू नका. ती खाडाखोड ठरते. पुढचे दुवे वेगळ्या सूची-वहीत ठेवा: मूळ नंबर, विषय, नंतरचे ठराव, निकाली झाल्याची तारीख. निकालीचा रकाना रिकामा असेल तेवढं पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत आपोआप जातं.

जुन्या बुकांना नवे नंबर चढवू नका. त्यांचा उल्लेख सभेची तारीख, ठराव क्रमांक आणि पान असाच करा.