पार्सेकला ३.२६ने गुणायचं की भागायचं?

इथे ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात खगोल-प्रश्नमंजूषेची तयारी करताना आम्हा साहित्यवाल्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते. व्याध तारा २.६४ पार्सेकवर आहे, तर किती प्रकाशवर्षांवर? ३.२६ हा आकडा पाठ असतो. पण गुणायचं की भागायचं?

उत्तर पार्सेकच्या व्याख्येतच आहे. पृथ्वी फिरते, म्हणून जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांपुढे किंचित सरकलेला दिसतो. आपण सूर्य-पृथ्वी अंतराएवढं बाजूला गेल्यावर तो एक विकला, म्हणजे अंशाचा ३६००वा भाग, सरकलेला दिसला तर तो एक पार्सेकवर आहे. हे अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या २,०६,२६५ पट भरतं. प्रकाश वर्षभरात त्याच अंतराच्या ६३,२४१ पट जातो. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ३.२६ मिळतात.

म्हणजे पार्सेक हे मोठं माप, म्हणून प्रकाशवर्षांचा आकडा नेहमी जास्तच येणार. तेव्हा गुणायचं: २.६४ × ३.२६ = सुमारे ८.६ प्रकाशवर्षं.

भागलं तर ०.८१ येतं. पण सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. एखाद्या ताऱ्याचं उत्तर त्याहून कमी आलं, तर घंटा दाबण्याआधी गणित पुन्हा बघा.