चाळीस फोटो, एक यादी

प्रश्न : सोसायटीच्या आधीच्या सचिवांनी पदभार देताना चिठ्ठ्या आणि वहीच्या पानांचे चाळीसेक फोटो पाठवले. त्यांतून कामांची एकच यादी कशी करावी?

उत्तर : आधी प्रत्येक फोटोला क्रमांक द्या. मग मजकूर जसाच्या तसा, एका ओळीत एक नोंद असा उतरवा आणि शेजारी फोटोचा क्रमांक लिहा. लागत नसलेल्या अक्षराचा अंदाज करू नका. प्रश्नचिन्ह टाकून आधीच्या सचिवांनाच फोन करा. खोडलेल्या ओळीही उतरवा, कारण खोडणे म्हणजे काम झाले की रद्द झाले, हे फोटोवरून कळत नाही.

आता नोंदींचे कामांत रूपांतर करा. ‘गच्ची’, ‘गळती ५०२’ आणि ‘वॉटरप्रूफिंग कोटेशन’ हे बहुधा एकच काम असते. ते ‘तीन कोटेशन मागवणे’ असे लिहा, तिन्ही फोटोंचे क्रमांक शेजारी ठेवा.

प्राधान्य ठरवताना ‘अर्जंट’ या शब्दाखालच्या दुहेरी रेघेला भुलू नका. ती त्या दिवशीची घाई असते. शेवटच्या तारखेपासून मागे मोजा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, त्याआधी हिशेबतपासणी. म्हणून कोपऱ्यात बारीक लिहिलेले ‘ऑडिटर?’ सर्वांत वर जाते. रंगकाम मात्र गळती थांबेपर्यंत खालीच राहू द्या.