मलपृष्ठावरील मजकुराचे मुद्रितशोधन

पुस्तकाच्या आतील मजकुराची तीन-तीन प्रुफे तपासली जातात. मलपृष्ठावरचा मजकूर आणि लेखक-परिचय मात्र बहुधा अगदी शेवटी, मुखपृष्ठ छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी हाती येतो आणि घाईने पाहिला जातो. वस्तुतः ग्राहक दुकानात पुस्तक उलटून सर्वप्रथम हाच मजकूर वाचतो. ग्रंथालयाच्या यादीत, विक्रेत्याच्या सूचिपत्रात आणि सभेतील परिचयातही तोच उतरवून घेतला जातो. येथे राहिलेली चूक म्हणूनच पुस्तकाबाहेर फार दूर जाते. मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्या अगर करू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी या मजकुराची तपासणी कशी करावी, ते आम्ही येथे एका नमुन्याच्या आधारे सांगत आहोत.

नमुना आम्ही शिकण्यापुरता तयार केला आहे. मिरजेत सतार व तंबोरे कसे बनतात, यावरचे एक पुस्तक आहे असे समजू. त्याच्या मलपृष्ठावर पुढील मजकूर आला आहे :

“मिरजेच्या जगप्रसिद्ध तंतुवाद्यांचा संपूर्ण इतिहास मराठीत प्रथमच सांगणारे हे अद्वितीय पुस्तक प्रत्येक रसिकाच्या हृदयाला भिडल्याशिवाय राहणार नाही. अकादमी पुरस्कारविजेते ज्येष्ठ लेखक सध्या एका हायस्कूलमध्ये मुख्याध्यापक आहेत. १९८५ साली त्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून एम. ए. केले असून त्यांना नुकताच आणखी एक सन्मान मिळाला आहे.”

शुद्धलेखनाच्या दृष्टीने यात एकही चूक नाही. तरीही हा मजकूर छापण्याजोगा नाही.

प्रथम दावे पाहू. प्रत्येक दाव्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि समासात एकच प्रश्न लिहावा : याला कागद कोणता? ‘संपूर्ण इतिहास’ या शब्दांचा कागद म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका. ती उघडली तर सहा प्रकरणांपैकी एकच इतिहासाचे निघते. उरलेली पाच भोपळा निवडणे, लाकूडकाम, तारा चढवणे, जवारी काढणे आणि दुरुस्ती यांवर आहेत. म्हणजे दावा फुगवलेला तर आहेच, शिवाय पुस्तकात जे खरोखर मोलाचे आहे तेच त्याने झाकून टाकले आहे. इतिहास शोधणारा ग्राहक घरी जाऊन निराश होईल आणि कारागिरी शिकू पाहणारा ते हातातही घेणार नाही. ‘प्रथमच’ हा शब्द त्याहून धोक्याचा. या विषयावर मराठीत पूर्वी काहीच लिहिले गेले नाही, हे सिद्ध करणे कोणालाही शक्य नसते. असा शब्द काढूनच टाकावा. ‘जगप्रसिद्ध’च्या जागी मात्र सांगण्यासारखी ठोस गोष्ट उपलब्ध आहे : मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. विशेषणाऐवजी अशी वस्तुस्थिती मिळते तेव्हा तीच घ्यावी.

आता पुरस्कार. ‘अकादमी पुरस्कार’ असे नुसते छापले की वाचक दिल्लीची, १९५४ साली स्थापन झालेली साहित्य अकादमी समजतो. पण महाराष्ट्र राज्य उर्दू साहित्य अकादमीसारख्या राज्य पातळीवरील संस्थाही पुरस्कार देतात. लेखकाकडून मानपत्राची प्रत मागवावी आणि संस्थेचे नाव, पुरस्काराचे नाव, वर्ष व कोणत्या पुस्तकासाठी, या चारही गोष्टी मानपत्रावरून उतरवून घ्याव्यात. प्रत मिळाली नाही तर ते वाक्य छापू नये. येथे शोधकाची मर्यादाही लक्षात ठेवावी. दावा आपल्या अधिकारात बदलू नये. समासात शंका लिहून ती लेखक व प्रकाशकाकडे पाठवावी आणि उत्तर लेखी घ्यावे.

दुसरी बाब काळाची. मुखपृष्ठ एकदा छापले की पुस्तक दहा-पंधरा वर्षे कपाटात राहते. ‘सध्या’, ‘नुकताच’, ‘अलीकडे’ हे शब्द त्या काळात खोटे होतात. मुख्याध्यापक निवृत्त होतात, पण मलपृष्ठावर नोकरीतच राहतात. म्हणून नियम सोपा ठेवावा. पुस्तकात काय आहे ते वर्तमानकाळात सांगावे आणि लेखकाच्या आयुष्यातील घटना साल घालून भूतकाळात सांगाव्यात. नव्या आवृत्तीच्या वेळी जुना परिचय तसाच उचलला जातो, तेथे विशेष सावध राहावे. हमीद दलवाई यांचे १९७७ साली निधन झाले. त्यांच्या पुस्तकाच्या परिचयात आज कोठेही ‘आहेत’ दिसले तर ते जुन्या मजकुरातून आले, असे समजावे. नमुन्यात आदराचीही गल्लत आहे. ‘लेखक आहेत’ म्हटल्यावर ‘त्याने’ चालणार नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच रूप हवे.

तिसरी बाब नावांची. विद्यापीठाचे नाव १९९४ साली बदलले. त्यामुळे १९८५ ची पदवी ‘मराठवाडा विद्यापीठ’ या नावाची आहे, आणि हवे तर पुढे ‘आताचे’ म्हणून नवे नाव द्यावे. व्यक्तींच्या नावांत तर अधिक जपावे लागते. महंमद, मोहम्मद, मुहम्मद, कादर, कादिर, सय्यद, सैयद ही सर्व रूपे मराठीत चालतात. त्यांतले बरोबर कोणते हे शोधकाने ठरवायचे नसते. लेखक स्वतः जसे लिहितात तेच बरोबर. त्यांच्याकडून नाव स्वहस्ते, मराठीत व इंग्रजीत लिहून घ्यावे. मग मुखपृष्ठ, पाठीवरची पट्टी, आतले शीर्षकपान, हक्कांचे पान आणि मलपृष्ठ या पाचही ठिकाणी ते अक्षर-अक्षर जुळवून पाहावे. टोपणनाव असेल तर तेही अर्धवट मिसळू नये. शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल होते. दोन्ही नावे देता येतात, पण ‘अमर पटेल’ असा माणूस कोणी नव्हता.

शेवटी जाहिरातीची भाषा. ‘हृदयाला भिडल्याशिवाय राहणार नाही’ हे वाक्य कादंबरीवर, पाककृतींवर किंवा प्रवासवर्णनावर छापले तरी तसेच बसते. हीच त्याची परीक्षा. जे वाक्य कोणत्याही पुस्तकावर चालते, ते या पुस्तकाविषयी काहीच सांगत नाही. ते काढावे आणि त्या जागेत अनुक्रमणिकेतून एखादी नेमकी गोष्ट घालावी.

या सर्व शंकांची उत्तरे मिळाल्यावर नमुना असा होतो :

“मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये कशी घडतात, ते या पुस्तकात भोपळ्याच्या निवडीपासून जवारी काढण्यापर्यंत क्रमाने सांगितले आहे. वाद्यांच्या दुरुस्तीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. लेखकांनी १९८५ साली मराठवाडा विद्यापीठातून एम. ए. केले. १९८८ ते २०२० या काळात ते शिक्षक व पुढे मुख्याध्यापक होते.”

पुरस्काराचे वाक्य मानपत्र येईपर्यंत बाहेर ठेवले आहे. मजकूर पूर्वीपेक्षा शांत झाला आहे, पण कारागिरी शिकू पाहणाऱ्याला हे पुस्तक आपल्यासाठी आहे हे आता लगेच कळते. मुखपृष्ठाच्या अंतिम प्रुफावर लेखकाची तारखेसह सही घ्यावी आणि ते प्रूफ फाइलला लावून ठेवावे. पुढील आवृत्तीच्या वेळी तपासणी तेथूनच सुरू करता येते.