जोखीम कोणती आणि मोबदला कशाचा?

आमच्या बँकेच्या काउंटरवर मागे एक सेवानिवृत्त बांधव आले. ग्रॅच्युइटीचे चार लाख रुपये त्यांना एकाच कंपनीच्या शेअर्समध्ये घालावयाचे होते. आम्ही काळजी व्यक्त केली तेव्हा ते म्हणाले, "अहो साहेब, जास्त धोका पत्करला की जास्त फायदा मिळतो, हा तर नियमच आहे ना?" हा समज आपल्या समाजात, विशेषतः निवृत्तीची रक्कम एकरकमी हाती आलेल्या मंडळींत, फार पसरलेला आहे. तो अर्धाच खरा आहे.

विल्यम शार्प या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली या प्रश्नाची जी मांडणी केली, तिला भांडवली मत्ता मूल्यनिर्धारण प्रतिमान असे जड नाव आहे. १९९० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ विचार मात्र साधा आहे. शेअरचा भाव दोन कारणांनी हलतो. एक, सबंध बाजारच वर-खाली होतो. दुसरे, त्या कंपनीचेच काही बरेवाईट होते. संप, आग, लबाडी वगैरे. पहिल्या कारणाचे माप म्हणजे बीटा.

बीटा कसा काढतात ते पाहू. समजा, चार महिन्यांत बाजाराचा निर्देशांक अनुक्रमे ४ टक्के वर, २ खाली, २ वर व ४ खाली गेला. त्याच महिन्यांत आपला शेअर ५ वर, २ खाली, ४ वर व ७ खाली गेला. दोहोंची सरासरी शून्य येते, त्यामुळे हिशेब सोपा होतो. प्रत्येक महिन्याचे दोन आकडे एकमेकांशी गुणून बेरीज करावी: २० + ४ + ८ + २८ = ६०. मग बाजाराच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज: १६ + ४ + ४ + १६ = ४०. साठाला चाळीसने भागले की १.५ हा बीटा. म्हणजे बाजार १ टक्का हलला तर हा शेअर सरासरीने दीड टक्का हलतो. (प्रत्यक्षात चार महिने पुरत नाहीत, बहुधा पाच वर्षांचे मासिक आकडे घेतात.)

आता परतावा. समजा, सरकारी रोख्यांवर ७ टक्के मिळतात आणि सबंध बाजाराकडून १२ टक्क्यांची अपेक्षा आहे. बाजाराची जोखीम घेण्याचा मोबदला झाला ५ टक्के. त्याला १.५ ने गुणून ७ मिळवले की १४.५ टक्के, ही त्या शेअरकडून रास्त अपेक्षा.

यात कंपनीच्या स्वतःच्या धोक्याचा मोबदला कोठेच नाही! असे का, हे एका घटनेवरून ध्यानात येईल. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी हिशेबातील खोटेपणाची कबुली दिली आणि एका दिवसात शेअर सुमारे १७९ रुपयांवरून ४० वर आला. शंभरातले जवळजवळ ७८ गेले. त्या दिवशी बाजारही सुमारे ७ टक्के पडला, परंतु बाकीची पडझड कोणत्याही बीटामध्ये बसणारी नव्हती. ज्याच्याजवळ तीस कंपन्यांचे सारख्याच रकमेचे शेअर्स होते, त्याला सत्यममुळे अवघी २.६ टक्के झळ बसली. हा धोका पैसे विभागून जवळजवळ फुकटात टाळता येतो. मग तो न टाळणाऱ्यास बाजाराने जादा पैसे का द्यावेत? आमच्या बांधवांना दोन्ही धोके सोसावे लागणार होते. मोबदल्याची अपेक्षा मात्र एकाच धोक्याची धरता आली असती.

या मापाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्या शेअरची खरेदी-विक्री क्वचितच होते, त्याचा भाव दिवसेंदिवस जागचा हलत नाही, आणि बीटा फसवा, कमी दिसतो. त्याला सुरक्षितपणा समजू नये. रोज किती शेअर्सचे व्यवहार होतात ते आधी पाहावे. शिवाय फामा व फ्रेंच यांनी १९९२ साली अमेरिकेतील शेअर्सचे १९६३ ते १९९० चे आकडे तपासले, तेव्हा नुसत्या बीटावरून सरासरी परताव्यातील फरक उलगडेना. म्हणून १४.५ हा आकडा म्हणजे हमी नव्हे. आमच्या मते धोका विभागण्याचा शार्प यांचा मुद्दा पक्का आहे, टक्क्यांचा आकडा तेवढा पक्का नाही.

त्या बांधवांसमोर आम्ही कागदावर दोन हिशेब मांडले. चारही लाख त्या १.५ बीटाच्या शेअरमध्ये घातले आणि बाजार २० टक्के पडला, तर सुमारे १,२०,००० रुपये जातील. कंपनीत काही विपरीत घडले तर ते निराळे. दोन लाख सरकारी रोख्यांत आणि दोन लाख निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात ठेवले, तर सगळ्या रकमेचा बीटा अर्धा होतो, अपेक्षा ९.५ टक्के, आणि तशाच पडझडीत तोटा ४०,००० चा. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला व घरी विचारून येतो म्हणाले.