गायरान सुधारणेचा प्रस्ताव : उद्दिष्टे आणि मोजमाप

गायरान सुधारण्यासाठी अनुदान मागताना बहुतेक ग्रामपंचायती चर किती मीटर खोदणार आणि रोपे किती लावणार हे लिहितात. हे झाले काम. त्या कामामुळे जमिनीत कोणता फरक पडला, हे मात्र त्यातून कळत नाही. प्रस्तावाच्या सारांशात हा फरक मोजता येईल अशा शब्दांत यावयास हवा.

उदाहरणादाखल ४० हेक्टर गायरान असलेले एक गाव घेऊ. सातबाराचा उतारा आणि हद्दमोजणीचा नकाशा जोडून सारांशात पुढीलप्रमाणे लिहावे.

उद्दिष्ट : पहिल्या टप्प्यात १० हेक्टरांवर तीन वर्षे चराईबंदी ठेवणे, समपातळी चर काढणे, मारवेल व पवना या गवतांचे बी पेरणे आणि चाऱ्याचे उत्पादन वाढविणे.

आजची स्थिती : चराईने गवत सतत खुडले जात असल्याने नुसते पाहून उत्पादन समजत नाही. म्हणून प्रस्तावापूर्वीच्या पावसाळ्याच्या आरंभी एक मीटर लांबी-रुंदीच्या वीस चौकटी विखरून आखाव्यात व त्यांना काटेरी कुंपण घालावे. गवत फुलोऱ्यावर आले की ते कापून, उन्हात पूर्ण वाळवून तोलावे. सरासरी ६० ग्रॅम भरली, तर हेक्टरी उत्पादन ६०० किलो होते. म्हणजे १० हेक्टरांत ६ टन.

अपेक्षित फलित : तिसऱ्या वर्षी सरासरी १५० ग्रॅम, म्हणजे एकूण १५ टन. त्यातील निम्मे गवत बी व मुळांच्या रक्षणासाठी राखले, तरी साडेसात टन हाती येते. एका गाईस दररोज ६ किलो वाळला चारा धरल्यास शंभर गाईंची साडेबारा दिवसांची सोय होते. आज ती पाच दिवसांचीच आहे.

दुसरे माप पावलांचे. सरळ रेषेत शंभर पावले चालावे आणि प्रत्येक पावलाच्या टोकाशी उघडी माती, खाण्याजोगे गवत की तरोटा, घाणेरी यांसारखी जनावरे टाळतात ती वनस्पती आहे, याची नोंद करावी. चौकटीतील वजन वाढले, पण ती वाढ तरोट्याची असेल, तर सुधारणा झाली असे म्हणता येणार नाही.

पाऊस चांगला झाला की गवत सर्वत्र वाढते. त्याचे श्रेय योजनेस जाऊ नये म्हणून चराईस खुल्या राहिलेल्या भागातही दरवर्षी अशाच चौकटी मोजाव्यात. तेथील कुंपणाची जागा मात्र दरवर्षी बदलावी. अन्यथा तीही राखलेली जमीनच ठरेल.

शेवटची बाब शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या भूमिहीनांची. बंदीने त्यांचे चराऊ क्षेत्र ४० वरून ३० हेक्टरांवर येते आणि तेथील ताण वाढतो. हिवरे बाजारने चराईबंदी पाळून गवत कापून नेण्याची पद्धत रुळविली. तसा कापणीचा हक्क कोणास, किती व कधी, हे ग्रामसभेच्या ठरावात असावे. ज्यांची वाट अडली त्यांना वाटा मिळाला नाही, तर कुंपण पहिल्याच उन्हाळ्यात मोडते.