बायोप्सीचा रिपोर्ट लांबला, तर रुग्णाला काय कळवावं?

मानेतल्या गाठीची बायोप्सी झाली की घरातल्या सगळ्यांना रिपोर्टची तारीख पाठ होते. ती तारीख उलटली आणि दवाखान्यातून काहीच कळलं नाही, तर घरचे स्वतःच अर्थ लावतात. तो अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: ‘नक्की कॅन्सर निघाला असणार, म्हणून सांगत नाहीत.’ ही कृती दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी आणि फोन-मेसेज सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांसाठी आहे. उदाहरण असं: चाळिशीच्या एका बाईंच्या मानेतली गाठ शुक्रवारी काढली. रिपोर्ट पुढच्या गुरुवारी मिळेल असं सांगितलं होतं. गुरुवारी दुपारपर्यंत तो आलेला नाही.

१. आधी लॅबला फोन करा

तीन गोष्टी विचारा. नमुना आत्ता कोणत्या टप्प्यावर आहे? तिथे का थांबला आहे? अंतिम रिपोर्ट कोणत्या दिवशी हातात येईल? ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढ्यावर फोन ठेवू नका. कारण कळल्याशिवाय रुग्णाला सांगण्यासारखं तुमच्याकडे काहीच नसतं.

उत्तर समजण्यासाठी गाठीचा प्रवास ठाऊक हवा. गाठ आधी फॉर्मालिनमध्ये ठेवतात. ते आतपर्यंत हळूहळू मुरतं, त्यामुळे मोठ्या तुकड्याला साधारण एक दिवस लागतो. मग तुकड्यातलं पाणी काढून त्याचा मेणाचा ब्लॉक करतात, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागणारे काप घेतात, ते रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पुष्कळदा निदान इथेच होतं. पण लसिकाग्रंथीत संसर्गाने वाढलेल्या पेशी आणि लिम्फोमाच्या पेशी काही वेळा इतक्या सारख्या दिसतात, की पेशींवरची विशिष्ट प्रथिनं रंगवून ओळखावी लागतात. या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. ती त्याच ब्लॉकवर होते, पुन्हा गाठ काढावी लागत नाही. पण आणखी काही दिवस जातात. आपल्या उदाहरणात लॅबने हेच कारण सांगितलं आणि रिपोर्ट सोमवारी संध्याकाळी मिळेल असं कळवलं.

टीबीसाठी सलाईनमध्ये वेगळा तुकडा पाठवला असेल, तर त्याचीही चौकशी करा. त्यावरची सीबीनॅट तपासणी काही तासांत होते, पण कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे वाट पाहावी लागते. हा उशीर नसून त्या तपासणीचा नेहमीचा वेळ आहे. रुग्णाला हे आधी सांगितलं नसेल, तर महिनाभर तो त्याच रिपोर्टच्या धास्तीत राहतो.

२. मेसेज पुरेसा आहे का, हे डॉक्टरांना विचारा

पहिल्या कापांवर निदान स्पष्ट झालं असेल आणि पुढची तपासणी फक्त प्रकार ठरवण्यासाठी असेल, तर ‘रिपोर्टला उशीर आहे’ असं लिहिणं म्हणजे अर्धसत्य. अशा रुग्णाला घरच्या माणसासह बोलावून डॉक्टरांनीच सांगायला हवं. नमुना अपुरा पडला किंवा खराब झाला असेल, तर डॉक्टरांनी फोन करावा. निदान खरोखरच अजून ठरलेलं नसेल आणि तीन-चार दिवस थांबायला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तरच मेसेज लिहा.

३. फोन कोणाचा आहे ते पाहा

केसपेपरवरचा नंबर बऱ्याचदा मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. या नंबरवर माहिती पाठवावी का, हे बाईंना बायोप्सीच्या दिवशीच विचारून केसपेपरवर नोंदवा. तशी नोंद नसेल, तर मेसेजमध्ये तपासणीचं नाव घालू नका. फक्त ‘कृपया दवाखान्यात फोन करा, तातडीचं नाही’ एवढंच लिहा.

४. मेसेज या क्रमाने लिहा

आधी बातमी, मग नमुन्याची स्थिती, मग कारण, मग त्या कारणाचा अर्थ, मग पुढची वेळ आणि शेवटी दरम्यान काय करायचं. लॅबने सोमवार संध्याकाळ सांगितली असेल, तर तुम्ही मंगळवार सांगा. वचन रिपोर्टचं देऊ नका, तुमच्या फोनचं द्या. रिपोर्ट तुमच्या हातात नाही, फोन आहे.

> नमस्कार ताई, दवाखान्यातून लिहीत आहे. तुमचा गाठीचा रिपोर्ट आज येणार होता, तो अजून आलेला नाही. तुमचा नमुना लॅबमध्ये सुरक्षित आहे आणि गाठ पुन्हा काढावी लागणार नाही. नुसत्या पहिल्या तपासणीवरून नक्की सांगता येत नाही, म्हणून लॅबचे डॉक्टर त्याच नमुन्यावर आणखी एक तपासणी करत आहेत. ही तपासणी आजार आहे की नाही, हे ठरवण्यासाठी करतात. त्यामुळे आज यावरून चांगला किंवा वाईट अर्थ काढता येणार नाही. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत, रिपोर्ट आला तरी आणि नाही आला तरी, आम्ही तुम्हाला फोन करू. तोपर्यंत थांबायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. मात्र जखमेतून रक्त किंवा पू आला, ताप आला, तर लगेच या नंबरवर फोन करा. श्वास घ्यायला त्रास झाला, तर वाट न पाहता जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा. नवीन गोळ्या स्वतःहून सुरू करू नका.

शेवटच्या वाक्याला कारण आहे. धीर सुटला की माणसं दुसरीकडे जातात आणि तिथे कधी कधी स्टिरॉइड मिळतं. त्याने लिम्फोमाची गाठ तात्पुरती बसू शकते. बायोप्सी पुन्हा करायची वेळ आलीच, तर मग निदान अवघड होतं.

५. पाठवण्याआधी हे शब्द खोडा

‘लवकरच’ खोडा आणि वार-वेळ घाला. ‘तांत्रिक अडचण’ हे कारण खरं नसेल तर लिहू नका. ‘शंका’, ‘संशयास्पद’ हे शब्द वाचल्यावर बाकीचा मेसेज कोणी वाचत नाही. ‘सगळं ठीक असेल’ हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून तेही नको. नुसतं ‘काळजी करू नका’ लिहिलं की काळजी करण्यासारखं काहीतरी आहे, असं वाटतं.

६. उलट प्रश्न येणारच, त्याचं उत्तर तयार ठेवा

‘म्हणजे कॅन्सर आहे का?’ हा प्रश्न दहा मिनिटांत येईल. तो टाळू नका. असं लिहा: ‘ताई, ते आज कोणालाच माहीत नाही, लॅबच्या डॉक्टरांनाही नाही. त्यासाठीच ही तपासणी आहे. तुम्हाला बोलायचं असेल तर डॉक्टर आज सात वाजता फोन करतील, चालेल का?’ डॉक्टर खरोखरच मोकळे असतील तीच वेळ द्या. त्याच प्रश्नाचा मेसेज दुसऱ्यांदा आला, तर लिहिणं थांबवा आणि फोन लावा.

७. मंगळवार पाळा

रुग्णाचं नाव, लॅबचा नमुना क्रमांक, सांगितलेली वेळ आणि फोन करणाऱ्याचं नाव वहीत लिहा. टीबी कल्चरची तारीख वेगळ्या ओळीत घाला. मुख्य रिपोर्ट हातात आला की नेमकं तेच विसरलं जातं. सोमवारी संध्याकाळी लॅबला स्वतः विचारा. मंगळवारी रिपोर्ट आला नसला, तरी पाचच्या आत फोन करा. तो फोन चुकला, तर तुमच्या पुढच्या कोणत्याही मेसेजवर त्या घरातलं कोणी विश्वास ठेवणार नाही.