उतरलेल्या भावाचे कारण

तालुक्याच्या गावी साड्यांचे दुकान चालविण्यात माझी बत्तीस वर्षे गेली, आणि या काळात गिऱ्हाइकाशी भाव करताना ज्या चुका माणसाच्या हातून होऊ शकतात त्यांपैकी बहुतेक माझ्या हातून झाल्या. त्यांतली एक मात्र अशी की, तिचे पैसे त्याच हंगामात भरून निघाले असले तरी तिने गमावलेली दोन माणसे पुन्हा दुकानाची पायरी चढली नाहीत. या धंद्यात नव्याने बसणाऱ्यांना ती उपयोगी पडेल, म्हणून ती सविस्तर सांगतो.

वैशाखाचे दिवस होते आणि पेठेत बस्त्यांची गर्दी होती. जवळच्या गावचे एक निवृत्त गुरुजी मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी आले. शालू आणि मानाच्या साड्या घेऊन झाल्यावर आहेराच्या तीस साड्यांचा प्रश्न निघाला. त्यांना पसंत पडलेली साडी वाहतूक व हमालीसह मला ४०० रुपयांना पडलेली होती आणि तिचा वाजवी भाव ५०० होता. परंतु गिऱ्हाईक भाव पाडून मागणारच, तेव्हा आधीच चढवून सांगावे, या पेठेच्या जुन्या दस्तुराप्रमाणे मी ५५० सांगितले. गुरुजींनी शांतपणे ४०० ला मागितली. मी म्हणालो, ‘‘गुरुजी, शपथेवर सांगतो, माझी खरेदीच ४५० ची आहे.’’ मग ५२५, मग ५००, मग ४७५ असा मी उतरत गेलो, आणि प्रत्येक वेळी ते फक्त मान हलवीत राहिले. शेवटी ते उठले, चपला पायांत घातल्या, आणि ते पायरी उतरत असता, समोरच्या दुकानात हा सौदा जाईल या भयाने मी मागून हाक मारली, ‘‘या, ४४० ला न्या!’’

ते परत आले, गादीवर बसले, तीस साड्या मोजून घेतल्या, रोख पैसे दिले, आणि जाताना एवढेच विचारले, ‘‘मग ती शपथ कशाची घेतलीत?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते.

प्रकरण एवढ्यावर संपले नाही. त्यांच्याच नात्यातल्या एका मावशींनी आठ दिवस आधी माझ्याकडून त्याच साडीचे दहा नग ५२५ प्रमाणे नेले होते. त्यांनी घासाघीस केली नव्हती, कारण त्यांचे माहेर आमच्या गल्लीतले आणि त्यांचा माझ्यावर विश्वास. लग्नघरी साड्या शेजारी शेजारी आल्या, भाव बोलले गेले, आणि दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात येऊन म्हणाल्या, ‘‘भाऊ, मी भाव केला नाही, ही माझी चूक झाली का?’’ मी नगामागे ८५ प्रमाणे ८५० रुपये त्यांच्यासमोर मोजून ठेवले. त्यांनी ते घेतले. परंतु रक्कम परत मिळाल्याने फसविले गेल्याची जाणीव जात नसते. गुरुजी आणि मावशी या दोघांचीही माझ्या खतावणीतली पाने त्या दिवसापासून कोरी आहेत.

त्या रात्री मी मुनीमजींना बसवून हिशेब केला. वर्षाचे भाडे, नोकरांचे पगार, वीज, पडून खराब होणारा माल, हे सगळे विकलेल्या नगांवर वाटले तर त्या किमतीच्या साडीमागे सुमारे ६० रुपये खर्च येत होता. म्हणजे ५०० च्या विक्रीत ४०० मालाचे, ६० दुकानाचे आणि ४० माझे. शेकडा पाच सूट दिली की २५ रुपये जातात, ते मालातून नव्हे अथवा भाड्यातूनही नव्हे, तर केवळ त्या ४० मधून. आणि शेकडा दहा दिली तर नफा संपून पदरचे १० घालावे लागतात. खरेदी आणि विक्री यांतली १०० ची तफावत डोळ्यांपुढे असल्यामुळे दुकानदाराला वाटते की, आपल्यापाशी उतरायला पुष्कळ जागा आहे. हाच तो भ्रम, ज्याच्यापायी भर हंगामात तुडुंब विक्री करूनही वर्षअखेरीस जमाखर्च जुळत नाही. गुरुजींच्या सौद्यात मी नगामागे २० प्रमाणे ६०० रुपयांची खोट खाल्ली होती, आणि मावशींचे ८५० वेगळेच.

तरी माझी मुख्य चूक रकमेची नव्हती. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसेल असे कोणतेही कारण नसताना मी उतरलो होतो. ते उठले एवढेच कारण. विनाकारण उतरलेला भाव गिऱ्हाइकाला सांगतो की, आधीचा भाव खोटा होता, आणि याहीखाली काहीतरी आहे. शिवाय मी २५-२५ च्या सारख्या पायऱ्यांनी उतरलो आणि शेवटची पायरी तर ३५ ची घेतली. विहिरीत दोर सोडताना हाताला अजून ओढ लागते आहे, म्हणजे तळ दूर आहे, हे जसे कळते, तसेच गुरुजींना कळत गेले.

म्हणून पहिली गोष्ट मी ही केली की, चढवून सांगणे बंद केले. पेठेतल्या स्नेह्यांनी समजावले की, उतरायला जागा न ठेवली तर गिऱ्हाईक टिकणार नाही, आणि पहिल्या हंगामात काही गिऱ्हाइके गेलीही. परंतु चढविलेला भाव हा न बोलणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर भरवसा ठेवणाऱ्यावरच, बसविलेला दंड असतो, हे मावशींनी मला शिकविले होते. दुसरी गोष्ट चिठ्ठीची. साडीच्या घडीत असणाऱ्या चिठ्ठीवर विक्रीचा भाव आकड्यांत आणि पडता भाव सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची पद्धत जुनीच आहे. एकही अक्षर दोनदा न येणारा दहा अक्षरांचा शब्दसमूह ठरविला की प्रत्येक अंकाला एक अक्षर मिळते. मी त्या अक्षरांत पडत्या भावाऐवजी तळभाव लिहू लागलो, म्हणजे खर्च धरून ज्याच्याखाली जायचे नाही तो आकडा. तो गर्दीत, घाम पुसताना ठरवायचा नसतो. माल उघडताना, बीजक समोर ठेवून ठरवायचा असतो. आणि तेथवर उतरण्याची मुभा मी विक्रीवरच्या नोकरालाच दिली. पूर्वी तो ‘शेठना विचारतो’ म्हणे आणि मी गादीवरून आणखी थोडे सोडी. त्यामुळे शेठकडे गेल्यावर अधिक सुटते, हे साऱ्या पंचक्रोशीला पाठ झाले होते.

आता हेच प्रकरण पुन्हा आले तर काय होते, ते परवाच्याच उदाहरणावरून सांगतो. एक ताई सासऱ्यांसह आल्या. आहेराच्या तीस साड्या, भाव ५००. ताईंनी ४०० ला मागितली. अशा वेळी रागावू नये, आणि ‘एवढ्यात सूतसुद्धा येत नाही’ यासारखे लागेल असे बोलू नये. कमी मागणे हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे. मी म्हणालो, ‘‘ताई, ४०० ला मला परवडत नाही. किती नग घेणार, आणि रोख की कसे, ते सांगा, म्हणजे मला काय करता येईल ते पाहतो.’’ खरेदीचा आकडा मात्र उच्चारला नाही. तो खरा सांगितला तर आपला नफा गिऱ्हाइकाच्या हाती मोजायला जातो आणि खोटा सांगितला तर माझे जे झाले ते होते. तीस नग एकाच बैठकीत जात असतील तर नोकराचा दीड तास लागतो, तेच सुटे विकायला आठवडा. म्हणजे खर्चाचा वाटा खरोखरच उतरतो. म्हणून मी म्हणालो, ‘‘एकरकमी तीस आणि रोख, म्हणून ४८०. शिवाय नवरीच्या शालूचे फॉल-पिको माझ्याकडून.’’ फॉल-पिकोला गिऱ्हाइकाला बाहेर १२० पडतात. शिंपी माझा ठरावीक असल्याने मला ६०. दिलेल्या वस्तूचे मोल घेणाऱ्याला देणाऱ्यापेक्षा अधिक वाटावे, अशी सवलत शोधून ठेवलेली बरी.

ताई म्हणाल्या, ‘‘पलीकडे ४५० ला मिळते.’’ दुसऱ्याच्या मालाची निंदा मी करीत नाही. कदाचित खरोखरच मिळत असेल. मी आणखी १० उतरलो नाही, तर ४२५ ची वेगळी साडी काढली, आणि दोन्ही घेऊन दाराशी, उन्हात गेलो. दिव्याखाली ज्या सारख्या भासतात त्या उजेडात वेगळ्या होतात: एकीचा काठ विणीतला, दुसरीचा छापील, एकीचा पदर मुठीत धरून सोडला तर उलगडतो, दुसरीच्या चुण्या राहतात. ‘‘४५० च्या आत बसवायचे असेल तर ही घ्या, आहेराला चांगली आहे. तीच साडी मात्र कमी करता येणार नाही,’’ असे म्हणून मी थांबलो. हे थांबणे फार अवघड असते. ती शांतता आपणच मोडावी अशी जीभ वळवळते, आणि मोडली की दहा रुपये जातात.

त्या उठल्या. मी हाक मारली नाही. साड्या जशा दाखविल्या तशाच नीट घडी घालीत म्हणालो, ‘‘दोन दुकाने पाहून या, लग्नाचे काम आहे. संध्याकाळपर्यंत हे तीस नग बाजूला ठेवतो.’’ गिऱ्हाईक उठताच साड्यांचा ढीग आदळून ढकलणारे नोकर मी पाहिले आहेत. परत येऊ पाहणाऱ्या माणसाला त्याने लाज वाटते, आणि केवळ त्या लाजेपोटी तो दुसरीकडे खरेदी करतो.

या नियमाला अपवाद आहेत. दोन दिवाळ्या कपाटात पाहिलेल्या मालाचा तळभाव मी स्वतःच पडत्या भावापर्यंत आणतो, कारण त्यात अडकलेली रक्कम मोकळी होणे हाच तेथे नफा. पण तो माल वेगळ्या फळीवर, ‘मागील हंगामाचा’ असे सांगून. भवानीच्या वेळी आलेल्याला विन्मुख पाठवू नये असे आमच्यात मानतात, आणि हे ओळखून काही जण मुद्दाम दुकान उघडताच येतात. त्यांना मी एखादा हातरुमाल देतो, भाव तोच ठेवतो.

ताई पाचच्या सुमारास परतल्या. आता सासरे म्हणाले, ‘‘४८० कबूल. निम्मे आता, निम्मे दिवाळीला.’’ येथे पुष्कळ दुकानदार सौदा जुळल्याच्या आनंदात मान डोलावतात. एकूण १४,४०० पैकी ७,२०० सहा महिने अडकले, आणि पैसा मला दरमहा शेकडा दीड दराने पडतो, तर ६४८ रुपये व्याजाचे जातात. म्हणजे सूट दिलेल्या ६०० हून अधिक रक्कम पुन्हा एकदा दिल्यासारखी झाली. मी म्हणालो, ‘‘बाबा, रोखीने ४८०, दिवाळीपर्यंत थांबायचे तर ५००. दोन्ही आपल्यासमोर आहेत.’’ त्यांनी सुनेकडे पाहिले, आणि कोटाच्या आतल्या खिशातून नोटांचे पुडके काढले.

पावती मी स्वतः लिहिली. दर ५००, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत, ‘तीस नग एकरकमी, रोख, सबब नगामागे २० सूट’. ही पावती लग्नघरी चार जणांच्या हातांतून जाते, आणि त्यांत एखादी मावशी असते, जिने एकच साडी ५०० ला नेलेली असते.